चढती केंद्रीय श्रेणी: मूळ संख्येच्या घाताचे गट अडत का नाहीत

पुठ्ठ्यातून सुसम षट्कोन कापून काढला आणि तो त्याच खाचेत पुन्हा बसवायचा म्हटले, तर बारा रीतींनी बसवता येतो. सहा रीती फिरवण्याच्या, सहा उलटवण्याच्या. अष्टकोनाला अशा सोळा रीती आहेत. दोन रीती लागोपाठ केल्या की यादीतलीच एखादी रीत मिळते आणि केलेली प्रत्येक रीत मागेही घेता येते. म्हणून या बारा रीतींचा एक गट होतो आणि त्या सोळांचा दुसरा. दोन्ही गटांची घडण एकाच साच्याची आहे. दोन्हींत आधी फिरवून मग उलटवले तर एक उत्तर येते आणि आधी उलटवून मग फिरवले तर बहुतेक वेळा दुसरेच. तरीही एका कसोटीवर हे दोन गट अगदी वेगळे ठरतात. सोळांच्या गटातली ही क्रमाची अडचण थराथराने काढत गेले, तर ती तीन टप्प्यांत पूर्ण संपते. बारांच्या गटात हीच कृती पहिल्या टप्प्यानंतर थांबते आणि पुढे सरकतच नाही.

असे का होते, याचे उत्तर आकृतीत शोधायची गरज नाही. ते मोजणीत आहे. १६ हा २ चा घात आहे, १२ हा कोणत्याही मूळ संख्येचा घात नाही. गटात १६ घटक आहेत एवढे कळले की ही कृती मध्येच थांबणार नाही, हे गटाचे तोंडही न पाहता सांगता येते. पुढील प्रकरणांचा सारा विस्तार ज्या प्रमेयावर उभा आहे ते हेच: ज्या सांत गटाच्या घटकांची संख्या एखाद्या मूळ संख्येचा घात असते, तो गट निलपोटंट असतो. या प्रस्तावनेत निलपोटंट म्हणजे काय ते एका श्रेणीच्या आधारे उलगडले आहे, आणि मोजणीसारख्या साध्या गोष्टीतून एवढा पक्का निष्कर्ष कसा निघतो तेही दाखवले आहे.

सुरुवात गटाच्या केंद्रापासून करावी लागते. गटातल्या काही घटकांना क्रमाशी देणेघेणे नसते. ते कोणत्याही घटकाच्या आधी घेतले काय किंवा नंतर, उत्तर तेच येते. अशा सर्व घटकांचा संच म्हणजे गटाचे केंद्र. एकक घटक e तर त्यात असतोच. प्रश्न असतो तो त्याखेरीज आणखी कोणी आहे का, हा.

चौरसाचा गट घेऊन हे पाहू. त्यात आठ घटक आहेत. r म्हणजे चौरस ९० अंशांतून फिरवणे आणि s म्हणजे एका ठरावीक अक्षावर उलटवणे. मग e, r, r², r³ ही चार फिरवणी आणि s, rs, r²s, r³s ही चार उलटवणी. सगळा हिशेब एका नियमावर चालतो: srs = r⁻¹, म्हणजे उलटवून, फिरवून, पुन्हा उलटवले की फिरवण्याची दिशा बदलते. r आणि r⁻¹ निराळे आहेत, म्हणून r केंद्रात नाही. r² मात्र १८० अंशांचे फिरवणे आहे. त्याची दिशा बदलली तरी ते तेच राहते. त्यामुळे r² केंद्रात आहे. उलटवण्यांपैकी कोणीही केंद्रात बसत नाही, कारण r शी त्यांचा क्रम जमत नाही. तेव्हा चौरसाच्या गटाचे केंद्र दोनच घटकांचे: e आणि r².

आता महत्त्वाची पायरी येते. केंद्रातले घटक निरुपद्रवी आहेत हे कळल्यावर त्यांच्यातला आणि एककातला फरक विसरायचा. ज्या दोन घटकांत फक्त केंद्रातल्या घटकाचा फरक आहे, ते एकच मानायचे. यातून जो लहान गट तयार होतो तो मूळ गटाचा केंद्राने केलेला भागाकार. चौरसाच्या बाबतीत r आणि r³ एक झाले, s आणि r²s एक झाले, rs आणि r³s एक झाले, आणि e व r² एक झाले. आठांचे चार उरले. या चारांच्या गटात प्रत्येक घटकाचा वर्ग एकक येतो आणि अशा गटात क्रमाने काहीही बिघडत नाही. म्हणजे भागाकार केल्यावर अडचण उरलीच नाही.

हीच कृती सर्वसाधारण गटासाठी लिहिली की चढती केंद्रीय श्रेणी तयार होते. गट G असू द्या. Z₀ मध्ये फक्त e आहे. Z₁ हे G चे केंद्र. मग G ला Z₁ ने भागायचे, त्या भागाकार गटाचे केंद्र शोधायचे, आणि त्या केंद्रात जाऊन पडणारे G चे जे जे घटक असतील ते सर्व गोळा करून Z₂ बनवायचे. मग Z₂ ने भागायचे, तिथले केंद्र शोधायचे, त्यावरून Z₃. अशा रीतीने Z₀, Z₁, Z₂, Z₃ हे एकाहून एक मोठे होत जाणारे, निदान लहान न होणारे, उपगट मिळतात. एखाद्या टप्प्यावर ही चढण G पर्यंत पोहोचली तर G निलपोटंट, आणि त्यासाठी लागलेल्या टप्प्यांची कमीत कमी संख्या म्हणजे त्याचा निलपोटंट क्लास. चौरसाच्या गटाचा क्लास २.

इथे विद्यार्थी हमखास एका ठिकाणी घसरतात. Z₂ म्हणजे Z₁ चे केंद्र नव्हे. Z₁ मध्ये सगळेच एकमेकांशी जमवून घेणारे असतात, त्यामुळे त्याचे केंद्र काढून पुन्हा Z₁ च मिळेल आणि श्रेणी हलणारच नाही. केंद्र शोधायचे ते भागाकाराचे. हे ध्यानात ठेवायला आणि प्रत्यक्ष तपासायला एक सोपी खूण आहे. x हा घटक Z₂ मध्ये आहे की नाही हे ठरवण्यासाठी गटातला प्रत्येक g घ्यावा आणि xgx⁻¹g⁻¹ काढावा. याला कम्युटेटर म्हणतात. xg आणि gx यांत नेमका किती फरक पडला ते तो सांगतो. तो दर वेळी e आला तर x केंद्रात, म्हणजे Z₁ मध्ये. तो दर वेळी Z₁ मध्ये आला तर x हा Z₂ मध्ये. दर वेळी Z₂ मध्ये आला तर Z₃ मध्ये. प्रत्येक टप्प्याला गैरसोय थोडी जास्त चालवून घेतली जाते, पण किती चालवून घ्यायची ते आधीच्या टप्प्याने ठरवून दिलेले असते.

अष्टकोनाच्या गटात ही खूण लावून पाहू. इथे r म्हणजे ४५ अंशांचे फिरवणे, आणि r⁸ = e. दिशा बदलूनही तेच राहणारी फिरवणी e आणि r⁴ एवढीच, म्हणून Z₁ दोन घटकांचे. आता r² घ्या. s शी त्याचा क्रम जमत नाही, कारण s मुळे r² चे r⁻² होते. पण या दोघांत r⁴ चाच फरक आहे आणि r⁴ तर Z₁ मध्ये आहे. म्हणून r² हा Z₂ मध्ये आला. हिशेब पूर्ण केला की Z₂ मध्ये e, r², r⁴, r⁶ हे चार घटक मिळतात. Z₂ ने भागल्यावर चारांचा गट उरतो आणि त्यात क्रमाचा प्रश्नच नाही, म्हणून Z₃ हा पूर्ण गट. घटकांची संख्या १, २, ४, १६ अशी चढली.

षट्कोनात काय होते? r म्हणजे ६० अंश. केंद्रात e आणि १८० अंशांचे r³. इथवर सर्व तसेच. मात्र केंद्राने भागल्यावर सहांचा जो गट उरतो तो समभुज त्रिकोणाच्या सममितींचा आहे. त्रिकोणात फिरवणी ० अंश, १२० अंश आणि २४० अंशांची; दिशा बदलली की १२० चे २४० होते आणि २४० चे १२०. केंद्रात एकट्या e शिवाय कोणी नाही. भागाकाराचे केंद्र रिकामे असल्यामुळे Z₂ मध्ये नवे कोणीच येत नाही, Z₂ म्हणजे Z₁ च, आणि यापुढची प्रत्येक पायरी तीच. बारांच्या गटात चढण दोनांवर थांबली.

या उदाहरणातून एक गोष्ट नीट पाहावी. षट्कोनाच्या गटाला केंद्र होते, तरी तो अडला. तेव्हा गटाला e पलीकडचे केंद्र असणे एवढ्याने भागत नाही. ते केंद्र काढून टाकल्यावर जे उरते त्यालाही केंद्र हवे, ते काढल्यावर जे उरते त्यालाही हवे. मूळ संख्येच्या घाताच्या गटांचे वैशिष्ट्य इथे आहे. त्यांना केंद्र मिळते ते ज्या कारणाने मिळते, ते कारण भागाकारानंतरही शाबूत राहते.

ते कारण मोजणीचे आहे. गटातला x हा घटक घ्यावा आणि सर्व g साठी gxg⁻¹ काढावा. जे वेगवेगळे घटक मिळतील ते सारे x चे सोबती. त्या सर्वांचा मिळून x चा संयुग्मी वर्ग. पूर्ण गट अशा वर्गांत विभागला जातो आणि कोणताही घटक दोन वर्गांत येत नाही. x केंद्रात असेल तर gxg⁻¹ नेहमी x च येतो, म्हणून त्याचा वर्ग एकट्या x चा. उलट, ज्याचा वर्ग एकट्याचा तो केंद्रातलाच. तेव्हा केंद्राचा आकार म्हणजे एकेकट्या वर्गांची संख्या.

इतर वर्ग किती मोठे असू शकतात? वाटेल तेवढे नाही. g आणि h या दोघांनी x पासून एकच सोबती मिळतो, तो नेमका g⁻¹h चे x शी जमत असेल तेव्हा. x शी जमणाऱ्या घटकांची संख्या m धरली, तर प्रत्येक सोबती बरोबर m वेगवेगळ्या g मुळे मिळतो. म्हणून सोबत्यांची संख्या गुणिले m म्हणजे गटातले एकूण घटक. याचा अर्थ, वर्गाचा आकार गटाच्या आकाराला निःशेष भागतो.

हे लक्षात घेऊन गटाचा आकार pⁿ धरू. p मूळ संख्या आणि n निदान १. प्रत्येक वर्गाचा आकार pⁿ ला भागतो, आणि pⁿ ला भागणाऱ्या संख्या १, p, p², अशाच असतात. एक सोडून बाकी सर्व p च्या पटीत. सगळ्या वर्गांची बेरीज pⁿ, तीही p च्या पटीत. मोठे वर्ग वजा केले तर जे उरते तेही p च्या पटीत असलेच पाहिजे, आणि उरतात ते एकेकटे वर्ग, म्हणजे केंद्र. केंद्राचा आकार p च्या पटीत आहे. तो शून्य नाही, कारण e तिथे आहेच. तेव्हा तो किमान p. केंद्रात e खेरीज निदान p − १ घटक सापडलेच पाहिजेत, यातून सुटका नाही.

चौरसाचे वर्ग मोजून हे ताडून पाहता येते. e एकटा, r² एकटा. r आणि r³ सोबती. s आणि r²s सोबती. rs आणि r³s सोबती. म्हणून ८ = १ + १ + २ + २ + २. दोन एकके आहेत आणि ती दोन असायलाच हवी होती. एकच एकक असते तर बेरीज विषम आली असती. त्रिकोणाच्या गटात मात्र ६ = १ + २ + ३. तीन आणि दोन या दोन्ही संख्या सहांना भागतात, दोन्ही मिळून पाच होतात आणि एकच एकक पुरते. आकाराला दोन निरनिराळ्या मूळ संख्यांनी भाग जात असला की केंद्र रिकामे ठेवण्याची ही वाट उघडी राहते. एकाच मूळ संख्येचा घात असला की ती बंद होते.

पुढची चढण आता एका वाक्यात सांगता येते. pⁿ आकाराच्या गटाला Z₁ ने भागले की उरलेल्या गटाचा आकार pⁿ ला भागणारा, म्हणजे पुन्हा p चा घातच. तो १ नसेल तर वरची मोजणी जशीच्या तशी लागू होते, भागाकाराला केंद्र मिळते आणि Z₂ हा Z₁ पेक्षा निदान p पटीने मोठा होतो. पुढच्या प्रत्येक पायरीला हेच. आकार दर खेपेला किमान p पटीने वाढतो आणि तो pⁿ च्या पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून जास्तीत जास्त n पायऱ्यांत श्रेणी G ला पोहोचते. प्रमेय सिद्ध झाले.

n पायऱ्यांची ही मर्यादा आणखी थोडी खाली आणता येते. एखाद्या गटाला त्याच्या केंद्राने भागून चक्रीय गट, म्हणजे एकाच घटकाच्या घातांनी भरलेला गट, उरत असेल, तर मूळ गटात प्रत्येक घटक एखाद्या a च्या घाताला केंद्रातल्या घटकाने गुणून मिळतो. असे दोन घटक कोणत्याही क्रमाने गुणले तरी उत्तर एकच येते. म्हणजे केंद्र पूर्ण गटाएवढेच होते आणि भागाकारात एकच घटक उरतो. यावरून, शेवटच्या पायरीआधी p आकाराचा भागाकार उरणे शक्य नाही, कारण p आकाराचा गट चक्रीयच असतो. शेवटची उडी निदान p² ची असते. म्हणून n दोन किंवा जास्त असेल तर क्लास n − १ पेक्षा मोठा नसतो. p² आकाराच्या गटांत क्रमाची अडचण कधीच नसते, हेही यातच आले. अष्टकोनाच्या गटासाठी n म्हणजे ४ आणि क्लास ३. तो या मर्यादेला अगदी टेकलेला आहे.

हे सारे २ पुरते नाही. ३ साठी एक उदाहरण पुरे. (a, b, c) अशी त्रिके घ्यावीत, तिन्ही संख्या ३ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या रूपात. दोन त्रिकांचा गुणाकार (a + a′, b + b′, c + c′ + ab′) असा करावा. २७ घटकांचा गट मिळतो. क्रम बदलल्याने फरक पडतो तो फक्त तिसऱ्या जागी, ab′ ऐवजी a′b येते म्हणून. ज्यांचे a आणि b दोन्ही शून्य आहेत ते तीन घटक केंद्रात. उरलेले २४ घटक तीन-तीनांच्या आठ वर्गांत पडतात, आणि क्लास २ येतो.

केंद्राची ही मोजणी जुनी आहे. नॉर्वेतील फ्रेडरिक्सहाल्ड, म्हणजे आजचे हाल्डन, या गावी शाळेत शिकवणाऱ्या लुडविग सिलो यांनी १८७२ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक सांत गटाच्या पोटात मूळ संख्येच्या घाताचे मोठे उपगट असतात, हे त्यांचे प्रसिद्ध प्रमेय त्यात आहे. त्यांची नजर समीकरणांवर होती: ज्या समीकरणाच्या गटाचा आकार मूळ संख्येचा घात आहे ते करणींच्या साहाय्याने सुटते, हे त्यांनी त्याच निबंधात दाखवले. केंद्र काढत जाण्याची कृती अडत नाही, म्हणूनच ते शक्य होते. पुढे १९३० च्या दशकात केंब्रिजच्या फिलिप हॉल यांनी या गटांच्या कम्युटेटरांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला, आणि या पुस्तकाच्या उत्तरार्धाचा बराचसा भाग त्यांनी आखलेल्या वाटेने जातो.

श्रेणी शिखराला पोहोचते याचा उपयोग काय, हे एका निष्कर्षावरून दिसेल. निलपोटंट गटात H हा पूर्ण गटाहून लहान उपगट घ्यावा. श्रेणी H च्या आत सुरू होते आणि शेवटी H च्या बाहेर जाते. तेव्हा एखादा Zᵢ पूर्णपणे H मध्ये आहे आणि पुढचा Zᵢ₊₁ नाही, असा टप्पा असतोच. Zᵢ₊₁ मधला H बाहेरचा घटक x घ्यावा. H मधल्या कोणत्याही h शी त्याचा कम्युटेटर Zᵢ मध्ये, म्हणजे H मध्येच येतो, आणि म्हणून xhx⁻¹ ही H मध्येच राहतो. अर्थात H ला स्वतःवरच नेणारा एक तरी घटक H च्या बाहेर असतो. चौरसात e आणि s यांच्या उपगटासाठी r² हा तसा घटक आहे. त्रिकोणात e आणि s यांच्या उपगटाला असा कोणीही सापडत नाही. एखादा गट निलपोटंट नाही असा संशय आला, तर अशा एकाकी उपगटाचा शोध ही हाताशी असलेली चाचणी आहे.

प्रमेयातला सांत हा शब्द गाळता येत नाही. ९० अंश, ४५ अंश, साडेबावीस अंश अशी निम्मी-निम्मी होत जाणारी सर्व फिरवणी आणि त्यांच्या पटी एकत्र घ्याव्यात आणि त्यांत एक उलटवणे मिसळावे. वर्तुळाच्या सममितींतला हा अनंत गट. त्यातला प्रत्येक घटक २ चा कोणता तरी घात इतक्या वेळा केला की एकक देतो. केंद्रात ० आणि १८० अंश आहेत. केंद्राने भागले की प्रत्येक कोन जणू दुप्पट होतो आणि हुबेहूब पहिल्यासारखाच गट पुन्हा समोर येतो. म्हणून केंद्र दर वेळी मिळते, श्रेणी कुठेच अडत नाही, Zₙ मध्ये २ⁿ फिरवणी असतात. तरीही कोणत्याही सांत पायरीला उलटवणे हाती लागत नाही. हा गट निलपोटंट नाही. केंद्र मिळत राहणे आणि शिखर गाठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सांत गटात पहिलीवरून दुसरी मिळते ती केवळ चढायला जागा मर्यादित असल्यामुळे.

उलट दिशेने पाहता, निलपोटंट सांत गट मूळ संख्येच्या घाताचाच असला पाहिजे असे नाही. सहांचा चक्रीय गट निलपोटंट आहेच. पण प्रत्येक सांत निलपोटंट गट हा निरनिराळ्या मूळ संख्यांच्या घाताचे गट शेजारी शेजारी ठेवून तयार झालेला असतो, ही गोष्ट तिसऱ्या प्रकरणात वरच्याच उपगटांच्या निष्कर्षावरून सिद्ध केली आहे.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकाने द्वादशकोनाचा गट कागदावर करून पाहावा. २४ घटक, r म्हणजे ३० अंश. पहिल्या पायरीला e आणि r⁶ मिळतील, दुसऱ्या पायरीला r³ आणि r⁹ हेही सामील होतील, आणि तिसऱ्या पायरीला भागाकारात पुन्हा तोच त्रिकोण समोर येऊन श्रेणी चारांवर थांबेल. कोनांच्या संख्येतून २ चा जेवढा घात काढता येतो तेवढीच उंची श्रेणी गाठते, आणि उरलेला विषम भाग १ असेल तरच ती पूर्ण गटापर्यंत जाते.